मोफत दंत तपासणी शिबिराची सूचना : प्रकल्प नोंदी

२० फेब्रुवारी

शिबिराची तारीख पक्की झाली. रविवार, १५ मार्च, सकाळी ९ ते दुपारी १, गावच्या शाळेच्या दोन वर्गखोल्या. दोन दंतवैद्य येणार आहेत. सूचना लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

नमुना म्हणून मागच्या एका शिबिराचा कागद हाती दिला गेला. अर्ध्याहून जास्त पान पाहुण्यांच्या नावांनी भरलेलं. खाली "सर्व ग्रामस्थांनी बहुसंख्येने उपस्थित राहून लाभ घ्यावा". काय आणायचं याबद्दल एकच ओळ: "आवश्यक कागदपत्रे सोबत आणावीत." कोणती, ते नाही. असा कागद वाचून माणूस ओळखपत्र घेऊन येतो आणि तपासणीसाठी खरं लागणारं सगळं घरी राहतं.

म्हणून उलटीकडून सुरुवात करायची ठरवली. डॉक्टर खुर्चीजवळ काय विचारतात ते आधी समजून घ्यायचं आणि त्या प्रश्नांची उत्तरं घरातून निघतानाच पिशवीत येतील अशी सूचना लिहायची.

२३ फेब्रुवारी

डॉक्टर मॅडमशी बोलणं झालं. आधी शिबिरात काय होणार आणि काय नाही ते स्पष्ट करून घेतलं. छोटा आरसा, टोकदार सळई आणि डोक्याला लावायचा दिवा एवढ्यावर तपासणी. दात, हिरड्या, जीभ, गालाची आतली बाजू, जिभेखालची जागा. मग एक कार्ड भरून हातात द्यायचं: कुठला दात किडलाय, काय करायला हवं, कुठे जायचं.

दात काढणार नाहीत. मी म्हटलं, लोक त्याच आशेने येतील. त्यांनी कारणं सांगितली ती कळण्यासारखी होती. एक्स-रेशिवाय मुळाचा आकार दिसत नाही. पकडी आणि चिमटे दर माणसामागे वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करावे लागतात. आणि रात्री दहा वाजता रक्त थांबेना झालं तर गावात बघायला कोणी नसेल. हे सूचनेत आधीच लिहिलेलं बरं. दाढ काढून घ्यायच्या तयारीने आलेल्या माणसाला तासभर बाकावर बसवून "इथे काढत नाही" म्हणणं वाईट.

मग मुख्य प्रश्न. "तुम्ही सगळ्यांना काय विचारता?"

"औषधं कोणती चालू आहेत ते. आणि उत्तर काय येतं माहितीये? एक पांढरी गोळी, सकाळची."

पांढऱ्या गोळीवरून काही ठरत नाही. ती रक्तदाबाची असू शकते, मधुमेहाची असू शकते, रक्त पातळ ठेवण्याची असू शकते. पुढे दात काढायला कुठे पाठवायचं, आधी कोणती तपासणी सांगायची, हे त्या गोळीवर अवलंबून असतं. हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असेल तर दात काढण्याआधी अर्धा ते एक तास प्रतिजैविकाचा डोस द्यावा लागतो, नाहीतर तोंडातले जंतू रक्तातून झडपेपर्यंत पोचून तिथे घर करू शकतात. हे कार्डावर लिहिलेलं नसेल तर पुढच्या डॉक्टरला कळायचं कसं?

मी लगेच लिहून दाखवलं: "रोजच्या औषधांची नावे लिहून आणावीत." त्यांनी दोन गोष्टी खोडल्या. नावं लिहून आणायला सांगू नका. घाईत अक्षरं बदलतात आणि ताकदीचा आकडा राहून जातो, तेव्हा पाकिटंच आणू देत, रिकामी असली तरी. आणि "रोजच्या" हा शब्द काढाच. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घ्यायची एक गोळी आठवड्यातून एकदाच असते. त्याच कारणासाठी इंजेक्शन असतं, एक सहा महिन्यांनी, दुसरं वर्षातून एकदा. ही औषधं घेणाऱ्याचा दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडं राहतं. असं होण्याची शक्यता कमी असली तरी दात काढणाऱ्याला आधी माहीत असायलाच हवं. "रोजच्या" म्हटलं की नेमकी हीच औषधं घरी राहतात.

२६ फेब्रुवारी

पहिला मसुदा चौघांना वाचून दाखवला. "समजलं का?" असं विचारलं नाही, कारण त्याला सगळे हो म्हणतात. त्याऐवजी विचारलं, "आता सांगा, रविवारी सकाळी उठल्यावर तुम्ही काय काय कराल?"

आजोबा म्हणाले, "चहासुद्धा न घेता येईन." तपासणी म्हटलं की उपाशीपोटी, हे रक्त तपासणीमुळे डोक्यात पक्कं बसलंय. मसुद्यात उपाशी या असं कुठेच नव्हतं, पण खाऊन या असंही नव्हतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी बसलेला माणूस रांगेतच घामाघूम होतो, हात थरथरतात, चक्कर येते. गोळी न घेता आला तर साखर चढते. म्हणजे दोन्ही सांगायला हवं: पोटभर खा आणि औषध नेहमीच्या वेळी घ्या.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर निघाली. एक काका रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात. ते शांतपणे म्हणाले, "दोन दिवस आधीपासून गोळी बंद ठेवतो. दाताचं काम म्हणजे रक्त येणारच." कोणी न सांगता त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

संध्याकाळी डॉक्टर मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, ही भीती त्यांना नेहमी दिसते आणि ती उलटी आहे. दात काढल्यावर रक्त जास्त वेळ आलं तरी ती जागा डोळ्यासमोर असते. कापसाची घडी चावून धरता येते, टाका घालता येतो. गोळी बंद केल्यामुळे हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर तिथे बोट ठेवून दाबता येत नाही. वॉरफरिन घेणाऱ्यांची आयएनआर नावाची रक्त तपासणी असते. दात काढायच्या आधी ७२ तासांच्या आतली ती तपासणी असावी आणि आकडा ४ पेक्षा कमी असावा. तेवढं असलं तर साध्या दातासाठी गोळी बंद करावी लागत नाही. बाकी कुठली गोळी बंद करायची असलीच तर तो निर्णय ती लिहून देणाऱ्या डॉक्टरचा.

आयएनआरचे आकडे सूचनेत घालायचे नाहीत. वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, उलट आकडा बघून कोणीतरी स्वतःच ठरवायला लागेल. सूचनेत एवढंच: "कोणतीही गोळी आपण होऊन बंद करू नका." आणि रक्त तपासणीची वही असेल तर ती आणा.

मी आधी ही ओळ "सोबत काय आणावे" याच्या शेवटी टाकली होती. ती तिथून उचलून वर नेली. आणायची वस्तू राहिली तर फार तर कार्ड अर्धवट राहील, पण गोळी बंद केली तर शिबिराला येण्याआधीच माणसाला धोका.

२ मार्च

एक प्रश्न मधूनच मनात आला आणि बाकीचं काम बाजूला ठेवलं. सूचना लागणार शिबिराच्या सहा दिवस आधी. ज्याची दाढ आज ठणकतेय तो ती वाचून काय करेल? "रविवारी फुकट बघणारच आहेत" म्हणून थांबेल. साध्या कळेसाठी थांबणं त्रासाचं आहे, धोक्याचं नाही. पण दाताच्या मुळाशी झालेला पू जबड्याखाली उतरायला लागला तर सहा दिवस म्हणजे फार. जिभेखाली सूज वाढली की श्वासाची वाट अरुंद होते.

म्हणजे आपल्याच सूचनेमुळे कोणीतरी दवाखान्यात जायचं लांबवू शकतं. त्यावर उतारा त्याच कागदावर हवा. खुणा डॉक्टर मॅडमनी सांगितल्या, त्या घरच्या घरी ओळखता येतील अशाच निवडल्या: गालावर किंवा हनुवटीखाली वाढत जाणारी सूज, सोबत ताप, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, तोंड उघडेनासं होणं. यातलं काही असेल तर शिबिराची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. गिळता येत नसेल किंवा श्वास अडत असेल तर रात्र असली तरी.

ही ओळ चौकटीत.

३ मार्च

एकाने सुचवलं की सूचनेत दात घासण्याची पद्धतही चित्रांसह टाकू. नको. ते शिबिरात आरसा हातात देऊन दाखवता येईल. या कागदाचं काम माणसाला योग्य तयारीने आणणं एवढंच.

५ मार्च

कोणाला बोलवायचं यावर आज बराच वेळ गेला. "सर्व ग्रामस्थ" म्हटलं तरी काही जण स्वतःला त्यातून वगळतात.

पहिले, ज्यांच्या तोंडात एकही दात नाही. "दातच नाहीत, दाखवू काय?" पण तपासणी तोंडाची असते. कवळी घासून झालेली जखम, कवळीखाली लाल झालेला टाळू, जिभेच्या कडेचा चट्टा यांना दात असण्या-नसण्याशी देणंघेणं नाही. त्यांनी कवळी आणायची, ती तुटलेली असली तरी. रोज घालत असतील तर घालूनच यावं, कारण ती कुठे टोचते ते तोंडात असतानाच दिसतं. कपाटात पडून असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डबीत. गरम पाण्यात टाकू नये, वाकडी होते.

दुसरे, ज्यांना काहीच दुखत नाही. तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा सुरुवातीला दुखत नाही, म्हणून तर तो राहून जातो. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, चट्टा, तीन बोटं उभी मावतील एवढं तोंड न उघडणं, हे असेल तर दात ठणठणीत असले तरी यायचं. इथे "व्यसनी व्यक्तींनी" असं कोणीतरी लिहून ठेवलं होतं, ते काढलं. असं वाचून कोण येणार? खुणा लिहिल्या की ज्याला त्या आहेत तो येतो.

तिसरी लहान मुलं. आई-वडील म्हणतात, दुधाचे दात आहेत, पडणारच. पण साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या जागी आधीचा कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली घरात कळतच नाही आणि तीही दुधाचीच समजली जाते. ती कायमची असते. तिच्यावरच्या खोल खाचांत अन्न अडकून ती लवकर किडते. डॉक्टर म्हणाल्या, "आठ वर्षांच्या मुलाची ही दाढ काढायला सांगावी लागते तेव्हा आई विचारते, परत कधी येईल?" सूचनेत यासाठी एक वाक्य घातलं. आणि मुलांसोबत घरचं मोठं माणूस हवंच, कारण मुलाची औषधं, ॲलर्जी आणि आधीचे आजार तेच सांगू शकतं आणि संमतीही त्यांचीच लागते.

गरोदर बायकांबद्दल वेगळी ओळ घालावी का? घातली. तपासणीला कुठल्याही महिन्यात अडचण नाही, फक्त कितवा महिना ते सांगायचं, म्हणजे पुढचे उपचार कधी करायचे ते डॉक्टर ठरवतील.

राहता राहिलं दुखणं. दात दुखत असेल तर येण्याआधी गोळी घ्यावी की नको? घेऊ नका असं सांगायचं नाही, कोणाला उगीच कळा सोसायला लावायच्या नाहीत. मात्र गोळीने दुखणं दबलेलं असतं तेव्हा दातावर हलकं ठोकून पाहिलं तरी नेमका कुठला ते कळत नाही. म्हणून कोणती गोळी, किती वाजता, एवढं सांगायचं. आणि गोळी दाताशी किंवा हिरडीवर दाबून ठेवायची नाही, गिळायची. ॲस्पिरिन अशी धरून ठेवली की तिथली त्वचा भाजते आणि पांढरी पडते. मग डॉक्टरसमोर आणखी एक पांढरा चट्टा.

७ मार्च

अंतिम मजकूर. डॉक्टर मॅडमनी वाचून होकार दिला.

> मोफत दात व तोंड तपासणी
> रविवार, १५ मार्च, सकाळी ९ ते दुपारी १
> गावची शाळा, तळमजला
>
> चेहऱ्यावर किंवा हनुवटीखाली सूज वाढत असेल, सोबत ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर शिबिराची वाट पाहू नका. आजच दवाखान्यात जा.
>
> येण्याआधी
> नेहमीसारखे खाऊन या. उपाशी येऊ नका.
> नेहमीची औषधे नेहमीच्या वेळी घ्या. कोणतीही गोळी आपण होऊन बंद करू नका.
> दात घासून या.
>
> सोबत आणा
> चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे, रिकामी असली तरी. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आणि काही महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन यांचे कागदही.
> दवाखान्याचे जुने कागद, रक्त तपासणीची वही, दातांचे जुने एक्स-रे, जे असेल ते. काही नसेल तरी या.
> कवळी, तुटलेली असली तरी.
> चष्मा आणि घरातल्या कोणाचा तरी फोन नंबर.
>
> कोणी यावे
> दात दुखणारे आणि न दुखणारे, दात नसलेलेही. तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर जरूर या.
> सहा वर्षांवरील मुलांना आणा. सहाव्या वर्षी मागे येणारी दाढ दुधाची नसते, ती पडून पुन्हा येत नाही. मुलांसोबत घरचे मोठे माणूस हवे.
> गरोदर असाल तर महिना सांगा.
>
> शिबिरात तपासणी आणि सल्ला मोफत. दात काढणे, भरणे, कवळी बसवणे शिबिरात होणार नाही. त्यासाठी कुठे जायचे ते कार्डावर लिहून मिळेल.

पाहुण्यांची नावं वेगळ्या कागदावर. त्यावरून थोडी कुरबुर झाली, पण एका पानात दोन्ही मावत नाही हे मोजून दाखवल्यावर विषय मिटला.

९ मार्च

सूचना लावली. शाळा, पाण्याची टाकी, दुकानं. अक्षर एवढं मोठं की चार पावलांवरून वाचता यावं. त्यासाठी "येण्याआधी" हा भाग वरच्या अर्ध्यात येईल अशी मांडणी केली, कारण उभ्याउभ्या वाचणारा खाली जाईपर्यंत निघालेला असतो.

भोंग्यावरून सांगायला हा मजकूर चालत नाही. ऐकणाऱ्याच्या लक्षात तीनाहून जास्त गोष्टी राहत नाहीत. म्हणून ठिकाण आणि वेळ सांगून झाली की फक्त: "खाऊन या, गोळ्या बंद करू नका. सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून आणा. तोंडावर सूज आणि ताप असेल तर थांबू नका, आजच दवाखाना गाठा."

१२ मार्च

एका ताईंचा फोन. नवऱ्याचा गाल सकाळपासून सुजलाय, ताप आहे, "पण रविवारी आहेच ना तुमचं?" चौकटीतली ओळ वाचून दाखवली. दुपारी दवाखान्यात गेले, अक्कलदाढेजवळ पू झाला होता. तो काढून औषधं सुरू केली.

१५ मार्च

शिबिर झालं. लिहायच्या गोष्टी बऱ्याच आहेत, सूचनेपुरतं लिहितो.

नोंदणीच्या टेबलावर पिशव्या रिकाम्या करून पाकिटं मांडायची आणि नावं कार्डावर उतरवायची, ही व्यवस्था चालली. खुर्चीत बसेपर्यंत डॉक्टरपुढे यादी तयार. रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेणारे काका आले, जेवून आणि गोळी घेऊन. हे आधी विचारलं, मग बाकीचं.

एक आजी आल्या, खालचे दोन दात हलत होते. "काढूनच टाका, हाताने निघतील." कोणती औषधं? "काही नाही गं बाई, मला कसला आजार नाही." पिशवीत मात्र चार गोळ्यांचं एक पाकीट होतं, दोन जागा रिकाम्या. रविवारची गोळी, पाठ दुखते म्हणून दिलेली. किती वर्षं घेताय? सून म्हणाली, पाच तरी झाली. अलेंड्रोनेट, हाडांची. आठवड्याची गोळी म्हणजे औषध, हे आजींच्या हिशेबातच नव्हतं. डॉक्टर मॅडमनी कार्डावर औषधाचं नाव आणि वर्षं ठळक लिहिली, एक्स-रे आणि हिरड्यांचे उपचार आधी, दात काढायचेच झाले तर दंत रुग्णालयात, असा सल्ला दिला. आजींना स्वतः दात हलवत बसू नका असंही बजावलं. सुनेला विचारलं, पाकीट कसं आणलंत? म्हणाली, "कागदावर आठवड्याची गोळी लिहिली होती म्हणून."

उपाशी आलेले तरीही निघाले. त्यांनी सूचना वाचली नव्हती, शेजाऱ्याकडून फक्त "तपासणी आहे" एवढं ऐकलं होतं. बिस्किटं ठेवलेली होती.

१७ मार्च

पुढच्या वेळेसाठी बदल. सगळे नऊ वाजताच आले. एका माणसाला नोंदीसह सहा मिनिटं धरली तर दोन डॉक्टर मिळून चार तासांत जास्तीत जास्त ८० जण होतात, मध्ये न थांबता. शेवटच्या माणसाला एक वाजेपर्यंत बाकावर बसवण्यात अर्थ नाही. गल्लीनुसार वेळा द्यायच्या: काहींना ९, काहींना १०, असं. मधुमेह असलेल्यांना पहिला तास, म्हणजे त्यांच्या जेवणाची वेळ चुकणार नाही.

"चष्मा" ही ओळ ठेवायची. कार्ड स्वतः वाचता आलं की कुठे आणि कधी जायचं हे माणूस तिथेच विचारून घेतो. "दात घासून या" याच्यापुढे "येताना तंबाखू खाऊ नका" जोडायचं, कारण डागांखाली गालाची आतली बाजू नीट दिसत नव्हती.

फोन नंबर घेतलेत त्यातले ज्यांच्या कार्डावर चट्टा किंवा न भरलेली जखम लिहिली आहे त्यांना या आठवड्यात फोन करायचे आहेत. यादी वेगळी काढली. मजकूर शाळेच्या संगणकात ठेवलाय, तारखेची जागा कोरी सोडून.